सोसायटीच्या सभागृहातील ध्वनिमुद्रण : काम सोपवताना लिहिलेले टिपण

येत्या १ नोव्हेंबरला मला नागपूरच्या शाखेत रुजू व्हायचे आहे, आणि त्याआधी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहातील ध्वनिमुद्रणाचे काम क विंगमधल्या दोघा भावंडांच्या हाती सोपवायचे आहे. हे काम माझ्याकडे आले तेव्हा कपाटात एक आठ वाहिन्यांचा मिक्सर, दोन कॉर्डलेस माइक आणि वेटोळे करून ठेवलेल्या केबल एवढेच होते; कोणती केबल कशाची, हे सांगणारे कोणी नव्हते. पुढच्या साडेतीन वर्षांत जे शिकले त्यातले बरेचसे चुका होऊन गेल्यावर शिकले. त्या दोघांना, आणि दुसऱ्या एखाद्या सोसायटीत हेच काम अंगावर घेतलेल्या कोणालाही, त्याच चुका पुन्हा करायला लागू नयेत म्हणून झाले तसे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात एप्रिल २०२२ मध्ये झाली. त्याआधीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात एका ठरावाचा मजकूर चुकीचा नोंदला गेल्याची तक्रार दोन सभासदांनी केली होती, आणि सचिवकाका एकट्याने सभा चालवत असताना लिहूनही घेत होते, हे सगळ्यांना दिसत होते. सभेचे ध्वनिमुद्रण झाले तर इतिवृत्त लिहिताना आधार मिळेल, असा अर्ज मी कार्यकारी समितीला दिला. समितीच्या पहिल्या बैठकीत तीन दरपत्रके मागवण्यात आली. दुसऱ्या बैठकीत खर्चापेक्षा अधिक चर्चा मुद्रणाचे पुढे काय होणार यावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. शेवटी १२ जूनला झालेल्या ठरावात चार गोष्टी लिहिल्या गेल्या : केवळ आवाज मुद्रित करायचा, चित्रीकरण करायचे नाही, सभेच्या आरंभी मुद्रण सुरू असल्याचे अध्यक्षांनी जाहीर करायचे, अधिकृत नोंद इतिवृत्त हीच राहील, मुद्रण त्याला साहाय्यक, आणि सभासदाने लेखी अर्ज केल्याशिवाय प्रत द्यायची नाही. या ठरावाची छायाप्रत मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. ती काढू नका, कारण दर वर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच.

अर्जापासून खरेदीपर्यंत जवळजवळ तीन महिने गेले. रेकॉर्डर ११,८०० रुपयांचा, कंडेन्सर माइक आणि स्टँड मिळून ५,३०० रुपयांचा, ३२ जीबीची दोन कार्डे १,१०० रुपयांची आणि केबल ९०० रुपयांच्या, असे १९,१०० रुपये लागले. सगळ्या वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद आहे आणि लेखापरीक्षक ती पाहतात. म्हणून एखादी केबल निकामी झाली तरी परस्पर टाकून देऊ नका, खजिनदारांना सांगून नोंद कमी करून घ्या.

माइक का घेतला, हे सांगायला हवे. मिक्सरमधून आवाज घेतला की व्यासपीठावरचे बोलणे स्वच्छ मिळते, पण वार्षिक सभेत निम्मे बोलणे खुर्चीत बसलेल्या सभासदांचे असते. हातात माइक पोहोचण्याआधीच ते बोलू लागतात, आणि मिक्सरला त्यातले काहीच कळत नाही. म्हणून आपण दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर मुद्रण करतो : रेकॉर्डरच्या पहिल्या वाहिनीत मिक्सर आणि दुसऱ्या वाहिनीत सभागृहाच्या मध्यभागी स्टँडवर उभा केलेला कंडेन्सर माइक. स्टीरिओ फाइल दिसते, पण ते संगीतातले डावे-उजवे नाही. त्या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो रेकॉर्डरवर सुरू करावा लागतो. मिक्सरची केबल मोठ्या जॅकची आहे आणि हा पुरवठा जॅकला जात नाही, तीन पिनांच्या जोडणीलाच जातो, त्यामुळे मिक्सरची काळजी नको.

जुलै आणि ऑगस्टमध्ये भजनी मंडळाच्या दोन बैठका आणि एक आरोग्यविषयक व्याख्यान यांवर सराव केला. आवाजाची पातळी बसवायला त्याच वेळी शिकले. वक्त्याला ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला सांगितले तर तो हळू बोलतो आणि प्रत्यक्ष भाषणात आवाज दुप्पट चढतो. त्याऐवजी विषयपत्रिकेचा पहिला परिच्छेद वाचायला सांगावा आणि रेकॉर्डरच्या मीटरवरची सर्वांत उंच उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. शून्याला टेकलेला आवाज कापला जातो आणि तो नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. कमी पातळीवर मुद्रित झालेला आवाज मात्र २४ बिटमध्ये पुष्कळ उचलता येतो. म्हणून शंका आली की पातळी खाली आणावी.

पहिली वार्षिक सभा २५ सप्टेंबर २०२२ रोजी झाली. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती, त्यामुळे सभा लवकर आटोपावी अशी सगळ्यांची इच्छा होती. मुद्रण व्यवस्थित झाल्याचे समजून मी रात्री घरी ऐकायला बसले, आणि खजिनदारांचे हिशेबावरचे निवेदन पहिल्या वाहिनीवर नाहीच, असे लक्षात आले. पोटात खड्डा पडला. कारण पुढे सापडले. आपण मिक्सरच्या मुख्य आउटपुटातून मुद्रण घेत नाही, कारण सभागृहात शिट्टी वाजू लागली की ध्वनिव्यवस्था पाहणारी व्यक्ती मुख्य पट्टी खाली ओढते आणि मुद्रणही त्याबरोबर खाली जाते. आपण मिक्सरच्या ऑक्स या दुसऱ्या, स्वतंत्र आउटपुटातून घेतो, आणि आपल्या मिक्सरवर ते पट्टीच्या आधी निघते. याचा तोटा असा की प्रत्येक माइकची ऑक्सची बटणे स्वतंत्रपणे उघडावी लागतात. खजिनदारांच्या माइकचे बटण शून्यावर राहिले होते. सभागृहात त्यांचा आवाज खणखणीत येत होता, त्यामुळे कोणालाच कळले नाही. मधल्या माइकवर ते बोलणे मिळाले, थोडे लांबून आल्यासारखे, पण प्रत्येक आकडा ऐकू येण्याइतके. दोन वाहिन्या ठेवण्याचा निर्णय त्या रात्री पक्का झाला.

यावरून घालून घेतलेला नेम असा : सभेच्या आधी प्रत्येक माइकमध्ये त्या माइकचे नाव बोलायचे, ‘अध्यक्षांचा माइक’, ‘खजिनदारांचा माइक’, ‘फिरता माइक’, आणि ते कानावर हेडफोन ठेवून पहिल्या वाहिनीवरच ऐकायचे. दोन्ही कानांनी एकत्र ऐकले तर मधला माइक ती उणीव भरून काढतो आणि चूक लपते.

त्याच रात्री दुसरी अडचण कळली. दोन्ही वाहिन्या सरळ मिसळून ऐकण्याची प्रत बनवली, तर व्यासपीठावरचा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. मिक्सरचा आवाज तारेतून तत्काळ येतो. तोच आवाज स्पीकरमधून निघून मधल्या माइकपर्यंत हवेतून पोहोचतो, आणि हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. आपला मधला माइक स्पीकरपासून ७ मीटरवर असतो, म्हणजे तो आवाज सुमारे २० मिलिसेकंद उशिरा येतो. एवढ्या अंतराने तोच आवाज दोनदा मिसळला की काही स्वर एकमेकांना खोडतात आणि बोलणे पोकळ होते. उपाय सोपा आहे : मिसळण्याआधी मिक्सरची वाहिनी तेवढीच मागे सरकवायची. नेमके किती, हे मोजण्यासाठी सभा सुरू होण्याआधी अध्यक्षांच्या माइकजवळ एकदा मोठ्याने टाळी वाजवते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलीत फाइल उघडून ती टाळी मोठी करून पाहिली की दोन्ही वाहिन्यांवर दोन टोके दिसतात, आणि त्यांच्यातले अंतर म्हणजेच विलंब. स्टँड हलवला तर आकडा बदलतो. म्हणून फरशीवर रंगीत चिकटपट्टीची फुली केली आहे, त्या फुलीवरच स्टँड ठेवावा.

२०२३ ची सभा २७ ऑगस्टला, रविवारी, होती. सकाळी १० वाजून २० मिनिटांनी मुद्रण सुरू केले आणि ११ वाजून ५२ मिनिटांनी वीज गेली. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट, जिना आणि पाण्याचा पंप यांपुरता आहे, सभागृह त्यावर नाही. रेकॉर्डर अडॅप्टरवर चालू होता आणि त्यात सेल घातलेले नव्हते, ही चूक सर्वस्वी माझी. सभा २५ मिनिटे थांबली, वीज आल्यावर मी दुसरी फाइल सुरू केली आणि उरलेला दिवस मनात धाकधूक घेऊन काढला.

घरी येऊन पाहिले तर पहिली फाइल सुमारे १.५९ जीबीची दिसत होती, पण वाजवायला घेतली की लांबी शून्य मिनिटे, शून्य सेकंद. हे का होते ते समजले की भीती निम्मी होते. वेव्ह फाइलच्या आरंभी एक छोटे शीर्ष असते, आणि पुढे किती आवाज आहे हा आकडा त्यात लिहिलेला असतो. आपला रेकॉर्डर तो आकडा थांबण्याचे बटण दाबल्यावरच भरतो. वीज गेली तेव्हा आवाज कार्डावर उतरलेला होता, फक्त आकड्याच्या जागी शून्य राहिले होते. आणि आकाराचे गणित जुळत होते : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन वाहिन्या म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, ९२ मिनिटांचे त्यावरून १.५९ जीबी येतात. म्हणजे सगळा आवाज आत होता.

पहिले काम म्हणजे कार्डाच्या बाजूची लहान खिट्टी लॉकवर सरकवणे आणि फाइलची प्रत लॅपटॉपवर घेऊन प्रतीवरच प्रयोग करणे. शीर्ष ४४ बाइटचे असते असे मी वाचले होते, म्हणून तेवढे सोडून उरलेले कच्चा आवाज म्हणून उघडले, तर धबधब्यासारखा खरखराट ऐकू आला. फाइल गेलीच, असे मला वाटले आणि मी लॅपटॉप मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलगडा झाला. आपला रेकॉर्डर शीर्षात तारीख, वेळ वगैरे माहितीचा आणखी एक खण घालतो, त्यामुळे ते ४४ बाइटहून बरेच मोठे असते. आवाज नेमका कोठून सुरू होतो हे लॅपटॉपच्या टर्मिनलवर आज्ञा देऊन `data` या शब्दावरून शोधायचे असते :

```
head -c 4096 H0012.WAV | LC_ALL=C grep -abo data
```

उत्तर आले `646:data`. त्या शब्दाची चार बाइट आणि लांबीच्या आकड्याची चार बाइट सोडली की आवाज ६५४ बाइटनंतर सुरू होतो. `tail` मोजणी एकपासून करते, म्हणून तिला ६५५ सांगायचे, आणि मिळालेला कच्चा आवाज `ffmpeg` या रूपांतराच्या आज्ञावलीने फ्लॅक फाइलमध्ये उतरवायचा :

```
tail -c +655 H0012.WAV > avaj.raw
ffmpeg -f s24le -ar 48000 -ac 2 -i avaj.raw 2023-08-27_AGM_1.flac
```

आदल्या रात्रीचा खरखराटही त्यामुळे समजला. आवाजाचे एका क्षणाचे मोजमाप म्हणजे नमुना. २४ बिटचा एक नमुना तीन बाइटचा असतो आणि दोन वाहिन्यांची जोडी सहा बाइटची. सुरुवात एका बाइटने जरी चुकली तरी प्रत्येक नमुना शेजाऱ्याचे तुकडे घेऊन बनतो आणि निव्वळ गोंगाट होतो. चूक नेमकी तीन बाइटची असेल तर बोलणे स्वच्छ येते, पण वाहिन्यांची अदलाबदल होते. म्हणून दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये टाळी पाहून पहिली वाहिनी मिक्सरचीच आहे ना, याची खात्री करावी. गोंगाट ऐकू आला म्हणून फाइल टाकून देऊ नका, एवढे मात्र मनापासून सांगते. वीज गेल्यावर फाइलच शून्य बाइटची दिसली, तर प्रकार वेगळा असतो. तेव्हा कार्डावर काहीही न लिहिता ते बाजूला काढावे आणि फोटोरेकसारख्या आज्ञावलीने शोध घ्यावा. आपल्यावर ती वेळ आलेली नाही.

तेव्हापासून रेकॉर्डर नव्या सेलवरच चालतो, अडॅप्टर लावायचाच नाही. सभेच्या दिवशी अल्कलाइन सेलचा नवा संच घालावा, ४८ व्होल्ट सुरू असल्यामुळे सेल लवकर उतरतात. आपल्या रेकॉर्डरवर एक संच जेमतेम साडेचार तास पुरतो. मध्यंतरात बटण दाबून थांबवावे आणि नवी फाइल सुरू करावी, म्हणजे काही बिघडलेच तर अर्धीच सभा धोक्यात येते. पावसाळ्यात हे विशेष पाळावे.

२०२४ ची सभा २२ सप्टेंबरला झाली आणि ती लांबली, कारण विषय पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी जादा वर्गणीचा होता. मध्यंतर झालेच नाही, आणि मुद्रण सलग ३ तास ११ मिनिटे चालले. आपला रेकॉर्डर फाइल २ जीबीला, म्हणजे त्याच्या मोजणीने सुमारे २१४.७ कोटी बाइटला, पोहोचली की आपोआप दुसरी उघडतो, आणि वरच्या हिशेबाने ते साधारण २ तास ४ मिनिटांनी होते. त्या वर्षी माझ्या मदतीला एक तरुण होता. त्याने दोन्ही तुकड्यांच्या आधी एमपी३ प्रती केल्या आणि मग त्या जोडल्या. जोड नेमका मतदानाच्या वेळी, हात मोजले जात असताना, आला होता. तेथे एक बारीक खटका आणि क्षणभराची शांतता ऐकू येत होती. प्रत मागणाऱ्या ब विंगमधल्या काकूंनी आठवड्यानंतर मला जिन्यात थांबवून विचारले, “ताई, इथं काही कापलंय का?”

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि मला तो फार लागला. काही कापलेले नव्हते. एमपी३ आवाजाला ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बांधते, आपल्या दराने एक ठोकळा २४ मिलिसेकंदांचा होतो. आरंभी थोडी शांतता भरली जाते आणि शेवटचा ठोकळा पूर्ण करण्यासाठी मागेही भरली जाते. प्रत्येक तुकड्याची अशी भरलेली टोके एकमेकांना लावली की मध्ये रिकामी फट उरते. मूळ वेव्ह तुकड्यांत अशी फट नसते. रेकॉर्डर एक फाइल जेथे सोडतो तेथूनच दुसरी सुरू करतो. मी काकूंना आणि सचिवकाकांना कार्यालयात बसवून मूळ दोन्ही फाइल जोडून ऐकवल्या. “सव्वीस, सत्तावीस” हे आकडे अखंड ऐकू आल्यावर काकूंचे समाधान झाले, आणि सचिवकाकांनी त्याची एका ओळीची नोंद मुद्रण-रजिस्टरमध्ये केली. म्हणून क्रम असा पाळायचा की आधी मूळ तुकडे जोडायचे, मग रूपांतर. जोडण्यासाठी `yadi.txt` मध्ये नावे क्रमाने लिहायची :

```
file 'H0021.WAV'
file 'H0022.WAV'
```

आणि मग ही आज्ञा :

```
ffmpeg -f concat -i yadi.txt -c:a flac 2024-09-22_AGM.flac
flac -t 2024-09-22_AGM.flac
```

फ्लॅक हे असे रूपांतर आहे की त्यात आवाजाचा एकही नमुना हरवत नाही, फक्त जागा कमी लागते. मूळ आवाजाचा ठसा फाइलच्या आतच साठवलेला असतो. दुसरी आज्ञा तो पडताळून पाहते आणि सगळे ठीक असेल तर `ok` दाखवते. हीच आपली जतनप्रत. येथे येणाऱ्या मोहाबद्दल सावध करते. जोडलेली फाइल `ffmpeg` ने पुन्हा वेव्हमध्येच काढली आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ती न विचारता १६ बिटची होते. जतनप्रत म्हणून तशी फाइल ठेवू नये.

ऐकण्याची प्रत या जतनप्रतीपासूनच बनवायची :

```
ffmpeg -i 2024-09-22_AGM.flac -af "adelay=20|0,pan=mono|c0=0.7*c0+0.3*c1,highpass=f=80,loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11" -ar 48000 -b:a 64k 2024-09-22_AGM.mp3
```

अवतरणातला मजकूर डावीकडून उजवीकडे वाचावा. आधी मिक्सरची वाहिनी २० मिलिसेकंद मागे सरकते. टाळीने वेगळा आकडा दाखवला असेल तर तो घालावा. मग मिक्सर सात भाग आणि सभागृह तीन भाग असे एकाच वाहिनीत मिसळतात. त्यानंतर ८० हर्ट्झखालची घरघर, म्हणजे पंखे आणि माइकला लागलेले धक्के, कमी होते. शेवटी सगळ्यांच्या आवाजाची पातळी साधारण सारखी केली जाते. ही शेवटची पायरी आत फार उंच नमुनादराने काम करते. म्हणून `-ar 48000` विसरू नये. एकदा हीच पायरी लावून फ्लॅक काढताना मी ते विसरले, तेव्हा फाइल १९२ किलोहर्ट्झची होऊन अवाढव्य फुगली. वरच्या आज्ञेने ३ तास ११ मिनिटांची प्रत सुमारे ९२ एमबीची होते. मूळ तुकडे मिळून ३.३ जीबीचे होते. व्हॉट्सॲपवर पाठवायची असल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

पातळी सारखी करण्याची एक मर्यादा मात्र सचिवांनाही माहीत असू द्या. ऐकण्याच्या प्रतीत पुटपुटणारा आणि ओरडणारा जवळजवळ सारखेच ऐकू येतात, आणि दोन वाक्यांमधल्या शांततेत पंख्यांचा आवाज वर येतो. शब्द कोणते होते हे कळण्यासाठी ती प्रत उत्तम आहे. कोणी कोणावर आवाज चढवला, अशी तक्रार आली, तर ती प्रत पुरावा म्हणून वापरणे अन्यायाचे होईल. तेव्हा जतनप्रतच ऐकावी, तीही दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या करून.

पन्नास हर्ट्झच्या गुणगुणीबद्दल थोडक्यात : ऐकताना एकसारखा भुणभुणाट आला आणि लॅपटॉपचा चार्जर काढताच थांबला, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावावेत किंवा सभा संपेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा. ८० हर्ट्झची गाळणी यावर पुरत नाही, कारण १०० आणि १५० हर्ट्झवरचे त्याचे साथीदार तसेच राहतात.

यंदाची सभा १४ सप्टेंबरला झाली. त्या दिवशी जोडणी, पातळी आणि टाळी हे सगळे दोघा भावंडांनी केले. मी मागच्या रांगेत बसून होते आणि उठण्याची वेळ आली नाही. सभेची नोटीस १४ दिवस आधी लागते, त्याच दिवशी कार्डे रिकामी आहेत का ते पाहायचे, हा नेम त्यांनी स्वतःहून पाळला. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे काम कोणत्या महिन्यात येणार हे आधीच ठाऊक असते आणि धावपळीचे कारण राहत नाही.

सभेनंतरचा क्रम असा ठेवला आहे. रविवारी रात्रीच कार्डावरून लॅपटॉपवर प्रत घ्यावी. सोमवारी फ्लॅक करून पडताळावी आणि कार्यालयातल्या तसेच खजिनदारांच्या घरच्या, अशा दोन बाह्य डिस्कवर ठेवावी. दोन्हीकडे `sha256sum` ही फाइलचा ठसा काढणारी आज्ञा चालवून आलेले आकडे सारखे आहेत का ते पाहावे आणि त्यांतले पहिले आठ अक्षरांक रजिस्टरमध्ये लिहावेत. ऐकण्याची प्रत सचिवांना बुधवारपर्यंत द्यावी, म्हणजे त्यांना इतिवृत्ताचा मसुदा लिहायला वेळ मिळतो. कार्ड मात्र मसुदा समितीसमोर येईपर्यंत पुसायचे नाही. म्हणूनच दोन कार्डे घेतली होती. फाइलच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक पहारेकऱ्यांकडे सहीने आहे आणि दुसरी मी २६ ऑक्टोबरला सचिवकाकांच्या समोर भावंडांच्या हाती देईन. २०२२ च्या फाइल अजून एकाच डिस्कवर आहेत. त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून पडताळण्याचे काम माझ्याकडून राहिले आहे, ते दिवाळी संपताच आधी हाती घ्यावे. मधल्या माइकच्या केबलचे रेकॉर्डरकडचे टोक सैल झाले आहे. ते हलवले की दुसऱ्या वाहिनीत कडकड ऐकू येते. नव्या केबलसाठी ४५० रुपयांचा अर्ज मी खजिनदारांकडे दिला आहे, आणि समितीची बैठक ९ नोव्हेंबरला आहे.